ओल्या केसांनी झोपलं तर नेमकं काय बिघडतं?

जून लागला की हा प्रश्न घरोघरी निघतो. दिवसभर लोकल, ऑफिस, घाम आणि पाऊस, मग रात्री साडेनऊला कुठे डोक्यावर पाणी घ्यायला वेळ मिळतो. अकराला डोळे मिटायला लागतात आणि केस अजून ओलेच. आई सांगते सर्दी होईल. मोबाइलवर कुणीतरी सांगतं की अशाने टक्कल पडतं. शेजारची मुलगी म्हणते, मी तर रोज अशीच झोपते, मला काही झालं नाही.

यातलं टक्कल पडण्याचं खोटं आहे, सर्दीचं बहुतांशी खोटं आहे, पण केसांचं काहीच बिघडत नाही हेही खरं नाही. बिघडतं ते मुळाशी नाही, लांबीवर. आणि एका रात्रीत नाही, कित्येक रात्रींची बेरीज होऊन.

## केस पाणी पितो, आणि पिताना बदलतो

डोक्याच्या कातडीबाहेर दिसणारा केस जिवंत नसतो. जिवंत भाग कातडीच्या आत, मुळाशी. बाहेर आलेला धागा केराटिन नावाच्या प्रथिनाचा. त्याच्या गाभ्यात एकमेकांना चिकटलेले लांब तंतू असतात आणि त्यावर पातळ, पारदर्शक खवल्यांचं आवरण असतं. या आवरणाला क्युटिकल म्हणतात. कोकणातल्या घरावर कौलं जशी एकावर एक सरकवून रचलेली असतात, तसे हे खवले मुळाकडून टोकाकडे रचलेले असतात. म्हणूनच केसावरून मुळाकडून टोकाकडे बोट फिरवलं तर गुळगुळीत लागतं आणि उलटं फिरवलं तर खरखरीत.

केस पाण्यात भिजला की दोन गोष्टी होतात. एक तर तो फुगतो. पूर्ण भिजलेला केस स्वतःच्या वजनाच्या सुमारे ३० टक्के पाणी आत घेतो आणि त्याची जाडी १५ टक्क्यांच्या आसपास वाढते. लांबी मात्र जेमतेम एक-दोन टक्केच वाढते. आतला गाभा असा फुगला की वरचे खवले थोडे उचलले जातात.

दुसरं म्हणजे तो मऊ पडतो. केराटिनचे तंतू एकमेकांना दोन प्रकारच्या बंधांनी धरून असतात. एक बंध पक्के, ते पाण्याने सुटत नाहीत. दुसरे हलके, पाणी शिरलं की सुटतात आणि केस वाळला की पुन्हा जुळतात. रात्री ओला केस जसा दबला, तसाच तो सकाळी वाळून बसतो, ते या हलक्या बंधांमुळे. हे बंध सुटलेले असतात तेव्हा केस कमी जोराने जास्त ताणला जातो. ओल्या केसातून कंगवा ओढला की तो रबरासारखा लांबतो हे सगळ्यांनी पाहिलंय. थोडा ताण तो सोसतो आणि पूर्ववत होतो. ताण फार झाला तर आतली रचना कायमची विस्कटते, मग तो तिथेच तुटतो किंवा काही दिवसांनी त्याच जागी फाटे फुटतात.

म्हणजे ओला केस हा फुगलेला, खवले उचललेला आणि मऊ पडलेला केस असतो. त्याला कुणी हात लावला नाही तर तो निमूट वाळतो. झोपेत मात्र त्याला सहा-सात तास उशीवर घासलं जातं.

## उशीवर काय होतं

झोपेत आपण अनेकदा कूस बदलतो. प्रत्येक वेळी डोक्याचं वजन केसांवर येतं आणि केस अभ्र्यावर घासतात, तेही कुठल्याही दिशेने. कोरड्या केसाचे खवले अंगाला चिकटून बसलेले असल्याने हे घासणं तो बराच काळ सोसतो. ओल्या केसाचे उचललेले खवले त्याच घासण्याने झिजतात, कडांना तुटतात. शिवाय ओले केस एकमेकांना चिकटतात, त्यांच्या बटा होतात आणि त्या बटा कूस बदलताना पिळल्या जातात. सकाळी मानेपाशी जो घट्ट गुंता सापडतो तो असा होतो. तो सोडवताना घाईघाईत जे केस तुटतात, ते मला वाटतं रात्रभराच्या घासण्यापेक्षाही जास्त असतात.

सुती अभ्रा पाणी ओढून घेतो, हे चांगलं वाटतं, पण त्यामुळे उशी ओली होते आणि मानेमागचा, कानामागचा भाग सकाळपर्यंत दमट राहतो. दबलेल्या जागी हवा लागत नाही. म्हणून वरचे केस वाळतात आणि खालचे तसेच राहतात.

## मग टक्कल पडतं की नाही?

नाही. केस उगवतो तो कातडीच्या आत, आणि बाहेरचा धागा ओला आहे की कोरडा हे मुळाला कळत नाही. रोज पन्नास ते शंभर केस गळणं हे सर्वसाधारण आहे. ज्या दिवशी आपण न्हातो त्या दिवशी आधीच सुटलेले केस एकदम निघतात, त्यामुळे ते जास्त दिसतात.

तरीही उशीवर केस दिसले की जीव घाबरतो, म्हणून ते नीट पाहायला शिकावं. अभ्र्यावरचा एक केस उचला आणि दोन्ही टोकं उजेडात बघा. एका टोकाला छोटा पांढरट गोळा असेल तर तो केस मुळापासून, आपलं आयुष्य संपवून गळलेला आहे. त्याचा ओलं झोपण्याशी संबंध नाही. असे केस एकाएकी खूप वाढले, तर दोन-तीन महिने मागे जाऊन आठवा: बाळंतपण झालं होतं का, डेंग्यू किंवा टायफॉइडचा मोठा ताप येऊन गेला का, जेवण फार कमी केलं होतं का. रक्तातलं लोह आणि थायरॉइड तपासून घेणंही बरं.

गोळा नसलेले, आखूड, वेगवेगळ्या लांबीचे तुकडे दिसत असतील तर ते तुटलेले केस. ओलं झोपणं, ओले केस जोरात विंचरणं, घट्ट बांधणं यांची खूण ती हीच.

## पण शेजारच्या मुलीला काहीच कसं होत नाही?

केस महिन्याला साधारण एक सेंटिमीटर वाढतो. मानेपर्यंत कापलेल्या केसांची टोकं दोनेक वर्षांची असतात. कमरेपर्यंतच्या वेणीचं टोक पाच-सहा वर्षांचं असतं आणि तेवढ्या काळातलं प्रत्येक न्हाणं, प्रत्येक घासणं त्याच्यावर जमा झालेलं असतं. आखूड केस अर्ध्या तासात वाळतात आणि टोकं झिजायच्या आत कापलीही जातात. म्हणून आखूड केसांच्या मुलीला फरक दिसत नाही, आणि तिच्या लांब केसांच्या बहिणीला दिसतो. दोघी आपापल्या परीने खरंच सांगत असतात.

दुसरा फरक असतो तो केसांवर आधी काय झालंय याचा. निरोगी केसाच्या खवल्यांवर एक अतिशय पातळ तेलकट थर असतो, त्यावरून पाणी थोडंफार घरंगळतं. केस ब्लीच केले, रंगवले किंवा पार्लरमध्ये रसायनं लावून सरळ केले की हा थर निघून जातो. असा केस पाणी लवकर आणि जास्त पितो, जास्त फुगतो, वाळायलाही वेळ लावतो. न्हाताना गळलेला एखादा केस दोन्ही हातांनी हळूच ताणून पाहा. थोडा लांबून परत आला तर ठीक. ताणला आणि तसाच लुळा राहिला, किंवा लगेच तुटला, तर हा केस ओला असताना उशीवर टाकण्याजोगा नाही.

## सर्दी आणि कोंडा

सर्दी विषाणूंमुळे होते आणि ते उशीत तयार होत नाहीत, दुसऱ्या माणसाकडून येतात. डोकं गार पडल्याने अस्वस्थ वाटेल, पंख्याखाली मान आखडल्यासारखी होईल, पण विषाणू नसेल तर सर्दी नाही.

कोंड्याचं थोडं वेगळं आहे. कोंड्यामागे मॅलॅसेझिया नावाचं सूक्ष्म यीस्ट असतं. ते जवळपास सगळ्यांच्या टाळूवर राहतं आणि टाळूतून पाझरणाऱ्या तेलावर जगतं. त्याचं मुख्य अन्न तेल आहे, पाणी नव्हे, त्यामुळे ओलं झोपल्याने नसलेला कोंडा सुरू होईल असं नाही. पण ज्यांना कोंडा आधीच आहे त्यांची टाळू तासन्‌तास उबदार आणि दमट राहिली तर खाज वाढते. त्यांनी आणखी एक सवय सोडावी, ती म्हणजे रात्री टाळूला तेल चोळून झोपणं. तेलातली बरीच मेदाम्लं या यीस्टला खाद्य म्हणून चालतात. कोंडा असेल तोवर तेल टाळूला नाही, फक्त लांबीला. दोन टक्के केटोकोनॅझोलचा शाम्पू आठवड्यातून दोनदा, टाळूवर तीन ते पाच मिनिटं ठेवून धुणं, असं दोन ते चार आठवडे करून पाहावं.

एक त्रास मात्र थेट ओले केस बांधून ठेवण्याशी जोडलेला आढळतो आणि त्याबद्दल फारसं बोललं जात नाही. पांढरा पिएड्रा हे त्याचं नाव. हा केसाच्या धाग्यावर वाढणाऱ्या बुरशीचा संसर्ग असतो. लांब केस ओलेच बांधणाऱ्या, वर ओढणी किंवा स्कार्फ घेणाऱ्या मुलींमध्ये तो दिसतो, भारतातही. केसावर बारीक, मऊ, पांढरट-पिवळट गाठी दिसतात आणि घरचे लोक त्यांना लिखा समजून उवांचं औषध लावत बसतात. ओळखायची खूण सोपी आहे. लीख केसाला घट्ट चिकटलेली असते, नखाने ओढली तरी सहज सरकत नाही. या गाठी सैल असतात, बोटांनी सरकतात. असं दिसलं तर त्वचारोगतज्ज्ञांकडे जावं.

## ड्रायरने तर केस जळतात ना?

ही शंका रास्त आहे, आणि तिचं उत्तर अनेकांना चकित करतं. दक्षिण कोरियातल्या त्वचारोगतज्ज्ञांनी २०११ मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. केसांच्या बटा वारंवार धुतल्या आणि वेगवेगळ्या पद्धतींनी वाळवल्या. काही नुसत्या खोलीत ठेवून, काही ड्रायर १५ सेंटिमीटरवर धरून, काही १० वर, काही ५ वर. ड्रायर जितका जवळ, तितके वरचे खवले जास्त खराब झाले, हे अपेक्षितच होतं. पाच सेंटिमीटरवर हवा ९५ अंशांपर्यंत तापत होती, पंधरावर ती ४७ अंशांच्या आसपास होती. पण आतल्या थरांना जोडणाऱ्या पडद्याचं नुकसान फक्त त्या बटांमध्ये दिसलं, ज्या आपोआप, सावकाश वाळल्या होत्या. शास्त्रज्ञांचा अंदाज असा की पाण्याशी फार वेळ संपर्क राहिल्याने तो पडदा फुगला. त्यांनी सुचवलं ते १५ सेंटिमीटर अंतर आणि सतत हलता ड्रायर.

हा प्रयोग छोटा होता, कापलेल्या बटांवर होता, आणि एकाच प्रयोगावरून निकाल लावू नये. पण त्यातून मी घेते ती गोष्ट अशी की ओलेपणाचे तास कमी करणं हे स्वतःतच उपयोगी आहे, आणि मध्यम गरम हवा पाच मिनिटं फिरवणं हे रात्रभर ओल्या अभ्र्यावर घासण्यापेक्षा वाईट नाही.

## पंचा किती वेळ गुंडाळायचा?

इथे एक बारकावा आहे, तो कळला की बाकीचं सोपं होतं. ओल्या केसात पाणी दोन ठिकाणी असतं: केसांच्या मधल्या फटींत आणि केसाच्या आत. फटींतलं पाणी पंचा टिपून घेतो, पहिल्या दहा मिनिटांतच. आतलं पाणी पंचा काढू शकत नाही, ते हवेतच जावं लागतं. त्यामुळे तासभर पंचा गुंडाळून बसल्याने केस वाळत नाहीत, उलट हवा लागायची थांबते. आणि खसाखसा पुसल्याने फक्त फुगलेले खवले घासले जातात.

हवा किती पाणी घेईल हे तिच्यातल्या दमटपणावर ठरतं. नागपुरात मे महिन्याच्या दुपारी हवा इतकी कोरडी असते की लांब केसही बघता बघता वाळतात. तेच केस जुलैत मुंबईत किंवा रत्नागिरीत पंख्याखाली दोन तास ठेवले तरी ओलसर लागतात. हवेत ६५ टक्के आर्द्रता असेल तर केसात त्याच्या वजनाच्या सुमारे १५ टक्के पाणी उरतं, आणि आर्द्रता पंच्याऐंशीच्या वर गेली की वीस-बावीस टक्के. म्हणजे पावसाळ्यात केस अगदी खडखडीत होणारच नाहीत. तेवढ्यासाठी जागत बसू नये. पाणी निथळून गेलंय, टाळू कोरडी आहे, इतकं पुरे.

## डोंबिवलीतली एक संध्याकाळ

समजा, पाठीच्या मध्यापर्यंत सरळ केस आहेत, ऑफिसातून घरी यायला पावणेआठ होतात आणि अकराला झोपायचं आहे. महिना जुलै.

बहुतेकजणी आधी स्वयंपाक, जेवण, भांडी उरकतात आणि मग डोकं धुतात. तिथेच गाडी चुकते. आल्या आल्या एक चमचा खोबरेल तेल हातावर घेऊन फक्त लांबीला, विशेषतः टोकांना लावायचं. मॅरिकोच्या मुंबईतल्या शास्त्रज्ञांनी २००३ मध्ये तीन तेलांची तुलना प्रसिद्ध केली, त्यात खोबरेल तेलाने केसातून प्रथिन निघून जाणं कमी झालं, सूर्यफुलाच्या आणि खनिज तेलाने तसं झालं नाही. कंपनी खोबरेल विकते हे लक्षात ठेवूनच वाचायचं, पण कारण पटण्यासारखं आहे: खोबरेलातलं लॉरिक आम्ल लहान, सरळ साखळीचं असल्याने केसाच्या आत शिरतं आणि मग पाणी कमी शिरतं.

साडेआठच्या आत डोकं धुवायचं. शाम्पू टाळूला, कंडिशनर लांबीला. पाणी हाताने दाबून काढायचं, पिळायचं नाही. जुना मऊ सुती टी-शर्ट किंवा पंचा दहा मिनिटं गुंडाळायचा, मग काढून टाकायचा. केस मोकळे सोडून स्वयंपाकाला लागायचं, फक्त गॅसपाशी असताना ते मागे एका सैल चापात धरायचे. जेवताना, टीव्ही बघताना पंखा डोक्याच्या मागून लागेल असं बसायचं आणि मधूनमधून बोटांनी मुळांपाशी केस उचलायचे, म्हणजे टाळूला हवा लागते.

साडेदहाला तपासायचं. बोटांच्या टोकांनी नाही, हाताच्या मागच्या बाजूने, मानेपाशी आणि कानांमागे. गार लागलं म्हणजे तिथून अजून पाणी उडतंय. तेवढ्याच भागावर ड्रायर मध्यम उष्णतेवर, वितीपेक्षा थोडा कमी अंतरावर, हलता ठेवून पाच मिनिटं. ड्रायर नसेल तर त्या थरांच्या मधे कोरडा पंचा दाबून घ्यायचा आणि एसी असेल तर त्याचा ड्राय मोड लावायचा, त्याने खोलीचा दमटपणा उतरतो.

मग जाड दातांच्या कंगव्याने आधी टोकं, मग मध्य, मग मुळं. शेवटी एकच सैल वेणी, टोकाला कापडी रबर. आंबाडा नको, कारण त्यात आतला भाग सकाळपर्यंत वाळत नाही आणि मुळांवर ताण येतो.

## कुरळ्या केसांनी काय करायचं?

वरचं विंचरणं कुरळ्यांना लागू नाही. कुरळे केस कोरडे विंचरले की पिंजारतात आणि तुटतात. ते ओलसर असताना, कंडिशनर लागलेलं असताना, बोटांनी किंवा जाड दातांच्या कंगव्याने सोडवायचे, आणि वाळताना शक्यतो हात लावायचा नाही. झोपताना डोक्याच्या अगदी वर सैलसर गोळा धरून ठेवला तर वळणं दबत नाहीत. कुरळ्या केसांसाठी सॅटिनचा अभ्रा खरंच फरक पाडतो, कारण त्यावर घासणं कमी होतं. सरळ आणि आखूड केसांना तो नसला तरी चालतो. रेशमीच हवा असं काही नाही, बाजारातलं साधं गुळगुळीत पॉलिएस्टर सॅटिन तेच काम करतं.

## आणि ज्या रात्री काहीच जमत नाही

अशा रात्री येतात. तेव्हा केस उशीच्या वरच्या कडेवरून मागे सोडून झोपा, म्हणजे मानेखाली दबणार नाहीत. उशीवर एक कोरडा सुती पंचा अंथरा आणि सकाळी तो वाळत घाला. काहीही बांधू नका. सकाळी गुंता झालेला असेल तर कोरडा ओढू नका, दोन थेंब खोबरेल बोटांना लावून टोकाकडून वर सोडवत जा. महिन्यातून एखाद-दुसऱ्या वेळी असं झालं तर केसांना फारसं काही होत नाही. आठवड्यातून तीन-चार वेळा होत असेल तर न्हाण्याचे दिवस बदलून पाहा. एक दिवस सुट्टीच्या सकाळी आणि एकच दिवस रात्री, एवढ्यावर बऱ्याचजणींचं भागतं. पावसात केस भिजले म्हणून रोज शाम्पू लावायची गरज नसते, साध्या पाण्याने धुऊन लगेच वाळवले तरी पुरतं.